भाडेकराराच्या छायाचित्रातून हप्त्यांचा हिशोब

आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यांतील सोनोग्राफी यंत्रे भाडेकराराने आलेली असतात. मूळ करारपत्र भाडे कंपनीकडे आणि आपल्याजवळ केवळ मोबाईलने टिपलेली छायाचित्रे, असा अनुभव काही विरळा नाही. त्या छायाचित्रांतून जमाखर्च कसा उभा करावा, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू.

करार १ एप्रिल २०२४ पासून ३६ महिन्यांचा आहे. पहिल्या वर्षी दरमहा ४०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी ४५,००० आणि तिसऱ्या वर्षी ५०,०००. करारात एकूण भाडे अंकी व अक्षरी १६,२०,००० रुपये लिहिलेले आहे. छायाचित्रावरून संगणकाने वाचलेल्या हप्त्यांची बेरीज मात्र १५,७५,००० भरली. फरक नेमका ४५,००० रुपयांचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा एक हप्ता. अनुक्रमांक तपासताच २३ नंतर एकदम २५ दिसला. चोविसावी ओळ पानाच्या शिवणीत दबली होती! म्हणूनच वाचलेल्या आकड्यांवर विसंबण्यापूर्वी ओळींची संख्या आणि अक्षरी बेरीज ही दोन्ही पडताळावीत. एखादा अंकच चुकीचा वाचला गेला असेल, तर ओळी ३६ भरतील, पण बेरीज जुळणार नाही.

हप्त्यांच्या तक्त्यात अनामत रक्कम मिसळू नये. ती परत मिळणारी असल्याने आपले येणे ठरते. वस्तू व सेवा कराचा रकानाही वेगळा ठेवावा. रुग्णसेवा करमुक्त असल्याने त्या कराची वजावट आपणांस मिळत नाही, तो खर्चातच जातो. मुदतीअखेर यंत्र आपल्या मालकीचे होणार असे कलम असल्यास पुढील रीत लागू पडत नाही. तो व्यवहार खरेदीसारखा मांडावा लागतो.

आता खर्चाकडे वळू. देय हिशोबपद्धती पाळणाऱ्याने वाढत्या हप्त्यांचा खर्च मुदतीवर समप्रमाणात वाटावयाचा असतो. लेखामानक १९ तसे सांगते. १६,२०,००० भागिले ३६ म्हणजे दरमहा ४५,०००. पहिल्या वर्षाचा खर्च ५,४०,००० रुपये होतो, प्रत्यक्ष दिलेले ४,८०,००० असतात. उरलेले ६०,००० रुपये ३१ मार्च २०२५ च्या ताळेबंदात देणे म्हणून दिसतात. दुसऱ्या वर्षी ही रक्कम तशीच राहते आणि तिसऱ्या वर्षी, हप्ता खर्चापेक्षा मोठा असल्यामुळे, पूर्ण फिटते.

येथे एक गफलत नेहमी होते. पुढे भरावयाचे हप्ते ११,४०,००० रुपयांचे आहेत. ते ताळेबंदातील देणे नव्हे. टिपेत त्यांची फोड द्यावी: येत्या वर्षात देय ५,४०,००० आणि त्यानंतर ६,००,०००. बँकेकडे कर्जासाठी जाणाऱ्यास मात्र हीच टीप प्रथम विचारली जाण्याचा संभव आहे, तेव्हा ती हाताशी असावी. जे रोख पद्धतीने हिशोब ठेवतात, त्यांच्या वहीत ६०,००० ची नोंद येतच नाही. दिला तो हप्ता खर्च, इतकेच.