ईमेल वार्तापत्राचा छोटा व्हिडिओ : वाचून दाखवू नका, सांगा!



आमच्या शाळेचं मासिक वार्तापत्र पालकांना ईमेलने जातं. बरेच पालक ते उघडत नाहीत, म्हणून मागच्या वर्षी मी मोबाईल समोर ठेवला आणि अख्खं वार्तापत्र वाचून रेकॉर्ड केलं. ४८० शब्दांना साडेचार मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी एका आईने गेटवर विचारलं, "मॅडम, ती गोळी नक्की कधी आहे हो?" तारीख तर मी व्हिडिओत वाचली होती! मग लक्षात आलं, चूक ऐकणाऱ्याची नव्हती, माझी होती.

वाचताना डोळा मागे जाऊ शकतो. तारीख सुटली तर आपण वरची ओळ पुन्हा बघतो. कानाला ती सोय नसते. लांब वाक्याचं क्रियापद येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. म्हणून लिहिलेला मजकूर जसाच्या तसा बोलला तर तो पोहोचत नाही.

आता तेच उदाहरण घेऊ. वार्तापत्रात असं होतं :

"राष्ट्रीय जंतनाशक दिनानिमित्त दिनांक १० ऑगस्ट रोजी सर्व विद्यार्थ्यांना अल्बेंडाझोल गोळी देण्यात येणार असून अनुपस्थित विद्यार्थ्यांना दि. १७ ऑगस्ट रोजी मॉप-अप दिनी गोळी देण्यात येईल. आजारी विद्यार्थ्यांबाबत वर्गशिक्षकांस पूर्वकल्पना द्यावी. तरी पालकांनी सहकार्य करावे."

पहिली पायरी : एकच विषय निवडा. वार्तापत्रात सहलीची फी, चित्रकला स्पर्धा, शिष्यवृत्तीचा अर्ज असं सगळं होतं. मी स्वतःला विचारलं, यातलं काय चुकलं तर मुलाचं नुकसान होईल? गोळी. बाकीचं ईमेलमध्येच राहू दिलं.

दुसरी पायरी : पालकाने काय करायचं, ते आधी. लिखाणात निमित्त आधी येतं आणि "सहकार्य करावे" शेवटी. पण सहकार्य म्हणजे नेमकं काय? मुलाला त्या दिवशी शाळेत पाठवणं. तेच पहिलं सांगायचं.

तिसरी पायरी : कागदाचे दोन भाग करा, एकीकडे चित्र, दुसरीकडे आवाज. माझी संहिता अशी झाली :

चित्र : कॅलेंडर, १० ऑगस्टभोवती लाल गोल.
आवाज : दहा ऑगस्टला मुलांना शाळेत जंताची गोळी देणार आहोत. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

चित्र : पोळीभाजीचा डबा.
आवाज : सकाळी काहीतरी खाऊनच पाठवा. गोळी शाळेतच, आमच्यासमोर, चावून खायची आहे. घरी पाठवणार नाही.

चित्र : मुलाच्या कपाळावर आईचा हात.
आवाज : मूल आजारी असेल, किंवा कुठलं औषध चालू असेल, तर आधी आम्हाला सांगा. त्याला त्या दिवशी गोळी देणार नाही.

चित्र : मोठ्या अक्षरात '१७ ऑगस्ट'.
आवाज : दहा तारीख चुकली, तर काळजी नको. सतरा ऑगस्टला राहिलेल्या मुलांना गोळी मिळेल. लक्षात ठेवा, दहा ऑगस्ट.

हे पाऊण मिनिटात आरामात बसतं. माझ्या वेगाने मिनिटाला साधारण १०५ शब्द होतात. तुम्हीही एकदा घड्याळ लावून मोठ्याने वाचा, म्हणजे तुमचा आकडा कळेल.

काय बदललं बघा. "देण्यात येणार असून" गेलं, "देणार आहोत" आलं. "जंतनाशक"चं "जंताची" झालं. औषधाचं नाव आणि "मॉप-अप" गाळलं, कारण पालकाला त्यावर काही करायचं नाही. ज्यांना हवं ते ईमेलमध्ये वाचतील. पण आजारी मुलाची सूचना मात्र लहान करायच्या नादात गाळायची नाही. उलट तिथे एक वाक्य वाढवलं. आरोग्याचा मजकूर असल्यामुळे रेकॉर्डिंगआधी संहिता मुख्याध्यापकांना आणि आरोग्यसेविकेला दाखवली.

पडद्यावर फक्त तारखा लिहिल्या. बोललेली पूर्ण वाक्यं तिथेही दिली तर माणूस एकाच वेळी वाचतो आणि ऐकतो, आणि दोन्ही अर्धवट होतं. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी मात्र खाली बारीक सबटायटल ठेवली. आणि "खालील लिंकवर क्लिक करा" असं बोलू नका. व्हिडिओ पुढे फॉरवर्ड होतो, लिंक मागेच राहते.

शेवटची परीक्षा सोपी आहे. व्हिडिओ पाठवण्याआधी शाळेबाहेरच्या एकाला एकदाच दाखवा आणि विचारा, "कधी? काय करायचं? चुकलं तर?" मी शेजारच्या काकूंना दाखवला. पहिल्या खेपेला त्या म्हणाल्या, "सतरा तारखेला." शेवटी ऐकलेली तारीखच त्यांच्या लक्षात राहिली होती! म्हणून "लक्षात ठेवा, दहा ऑगस्ट" ही शेवटची ओळ नंतर जोडली.

तुमच्या पुढच्या वार्तापत्रातला एकच परिच्छेद घ्या आणि असा करून बघा.