खाज थांबत नाही तेव्हा: योनीमुखाचा कर्करोग आणि त्याआधीची अवस्था

साठीच्या पुढच्या बाईला ‘खाली’ खाज सुटली की पहिला संशय साखरेवर जातो, नाहीतर बुरशीवर. मेडिकलमधून एक ट्यूब येते, चार दिवस बरं वाटतं, खाज परत येते आणि ट्यूबही परत येते. असं वर्षानुवर्षं चालतं. बहुतेकींच्या बाबतीत यामागे कर्करोग नसतो. पण योनीमुखाच्या, म्हणजे योनीच्या बाहेरच्या भागाच्या कर्करोगाचं सर्वांत नेहमीचं लक्षणही हीच हट्टी खाज आहे, आणि न बघता लावलेल्या मलमाखाली ती झाकून राहते.

पांढरा चट्टा आणि त्याखालची त्वचा

या खाजेमागे बरेचदा ‘लायकेन स्क्लेरोसस’ नावाचा त्वचेचा आजार असतो. त्वचा पांढरट आणि कागदासारखी पातळ होते, चिरते. आतले ओठ हळूहळू सपाट होत जातात. हा आजार संसर्गजन्य नाही आणि तो अस्वच्छतेमुळेही होत नाही. तो असलेल्या शंभरातल्या साधारण पाच किंवा त्याहून कमी बायकांना पुढे कर्करोग होतो. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं तीव्र स्टिरॉइड मलम नियमित लावलं तर हा धोका कमी होतो. ‘स्टिरॉइड’ या शब्दाला घाबरून ते मध्येच सोडणं महागात पडतं.

पूर्वकर्करोग अवस्थेचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक एचपीव्ही विषाणूमुळे होतो. तो तुलनेने तरुण बायकांत, धूम्रपान करणाऱ्यांत आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत अधिक दिसतो. दुसरा लायकेनसारख्या जुनाट आजाराच्या जागी, उतारवयात होतो. तो कमी आढळतो, पण कर्करोगाकडे लवकर सरकतो. दिसायला मात्र अगदी साधा असतो: जराशी जाड, खरखरीत जागा किंवा न भरणारी चीर.

कधी थांबायचं नाही

उपचार घेऊनही दोन-तीन आठवड्यांत न जाणारी खाज, न भरणारी जखम, गाठ किंवा चामखिळीसारखी वाढ, पांढरा, लाल वा काळपट होत जाणारा चट्टा, लघवी करताना होणारी आग, जांघेतली गाठ: यातलं काहीही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाने प्रत्यक्ष बघायला हवं. पॅप चाचणी गर्भाशयमुखाची असते. ती ‘नॉर्मल’ आली म्हणून योनीमुखाची खात्री होत नाही.

बायोप्सी कशी होते

एक उदाहरण धरू. बासष्ट वर्षांच्या बाईंना जुनं लायकेन आहे आणि उजव्या ओठावर दीड सेंटिमीटरची न भरणारी जखम आहे. आता मलम बदलून बघायचं नाही, तुकडा काढायचा. बारीक सुईने जागा बधिर करतात. टोचताना झोंबतं, नंतर फक्त दाब जाणवतो. मग तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने त्वचेचा खोलवर तुकडा घेतात आणि लागलाच तर एखादा टाका घालतात. बाई त्याच दिवशी घरी जातात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी सांगायची.

तुकडा कुठून घेतला याला फार महत्त्व असतं. जखमेच्या मधोमध मेलेल्या पेशीच निघू शकतात, म्हणून कडेचा भाग घेतात. चट्टे वेगवेगळे दिसत असतील तर प्रत्येकातून एकेक. अहवाल निर्दोष आला पण जखम तशीच राहिली, तर बायोप्सी पुन्हा करायची.

अहवालानंतर

या बाईंच्या अहवालात फक्त लायकेनशी जोडलेली पूर्वकर्करोग अवस्था निघाली, तर तो भाग शस्त्रक्रियेने काढतात. विषाणूजन्य प्रकारात निवडक रुग्णांना इमिक्विमोड मलम किंवा लेझर चालतं. इथे त्यावर भिस्त ठेवत नाहीत.

कर्करोग निघाला तर तो किती खोल गेलाय यावर पुढचं ठरतं. खोली एक मिलिमीटरपर्यंत असेल तर जांघेतल्या ग्रंथींना सहसा हात लावावा लागत नाही. समजा, या बाईंची तीन मिलिमीटर आहे. मग गाठ भोवतालच्या निरोगी कडेसह काढतात आणि ग्रंथीही तपासतात. गाठ एकच, चार सेंटिमीटरपेक्षा लहान आणि ग्रंथी हाताला न लागणाऱ्या, म्हणून रंगद्रव्य व किरणोत्सारी द्रव्य टोचून सर्वांत पहिली ग्रंथी, म्हणजे ‘सेंटिनल’, शोधतात. ती स्वच्छ निघाली तर बाकीच्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत आणि पायाला कायमची सूज येण्याचा धोका बराच कमी होतो. ग्रंथींत कर्करोग असेल तर बहुधा किरणोपचार लागतात, काहींना सोबत केमोथेरपी.

योनीच्या आतला कर्करोग

हा याहून दुर्मीळ. पाळी गेल्यावर किंवा संबंधांनंतर अंगावरून लाल जाणं, पाण्यासारखा वा दुर्गंधीयुक्त स्राव ही त्याची लक्षणं. त्यावर मुख्यतः बाहेरून आणि आतून किरणोपचार देतात. गर्भाशयमुखाच्या पूर्वकर्करोगामुळे पिशवी काढलेल्या बाईलाही तो होऊ शकतो, म्हणून पिशवी काढल्यावरही तिची ठरलेली तपासणी चालू ठेवतात.