दहाव्या दिवसाचा ताप

केमोथेरपीची सलाईन संपली की बहुतेक रुग्ण चालतच डे-केअर वॉर्डाबाहेर पडतात. सोबत आलेल्या माणसांना वाटते, आजचा दिवस पार पडला म्हणजे अवघड ते संपले. कर्करोग विभागातल्या सिस्टर मात्र त्या क्षणी पुढचे दिवस मोजत असतात. ओकारी आजपासून चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत, तोंड साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात, आणि पांढऱ्या पेशी सर्वांत खाली दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास. ही तिन्ही दुखणी रुग्ण घरी असताना येतात, म्हणून घरी जाण्याआधी दिलेली अर्ध्या तासाची माहिती हा उपचाराचाच भाग असतो.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातल्या चौपन्न वर्षांच्या बाई. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली. आता डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही दोन औषधे दर एकवीस दिवसांनी. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचे असते आणि त्यानंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. हे आधी सांगितले नाही तर घरचे रक्त समजून घाबरतात. म्हणून सिस्टरांचे पहिले वाक्य हेच असते, “मावशी, लघवी लाल दिसेल, घाबरायचं नाही. ते औषध आहे.”

या दोन औषधांच्या जोडीने ओकारीचा धोका बराच असतो. ती थांबवण्याचा खरा काळ ओकारी होण्याआधीचा आहे. म्हणून केमोच्या आधीच ओकारीविरोधी औषधे एकत्र दिली जातात. ऑन्डॅनसेट्रॉनच्या गटातले औषध आतड्यातून मेंदूकडे जाणारा संदेश अडवते, अॅप्रेपिटंट मेंदूतल्या ओकारीच्या केंद्रावर काम करते, डेक्सामेथासोन या दोघांना बळ देते आणि रात्री ओलान्झापिनची छोटी गोळी मळमळ शमवते. ओलान्झापिनने दिवसभर झापड येते, ही रुग्णांची मोठी तक्रार होती. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमधल्या डॉक्टरांनी दहा आणि अडीच मिलिग्रॅम अशा दोन मात्रांची तुलना केली. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अडीच मिलिग्रॅमची मात्रा ओकारी रोखण्यात कमी पडली नाही आणि झापड पुष्कळ कमी आली.

चूक होते ती दुसऱ्या दिवशी. पहिला दिवस बरा गेला, म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. पण उशिरा येणारी ओकारी चोवीस तासांनंतरच सुरू होते. लिहून दिलेल्या गोळ्या मळमळ असो वा नसो, घड्याळ बघून घ्यायच्या. डेक्सामेथासोन सकाळी, नाहीतर झोप उडते. ऑन्डॅनसेट्रॉनने पोट घट्ट होते, म्हणून पाणी आणि डॉक्टरांनी सांगितलेले सौम्य रेचक पहिल्या दिवसापासून. बद्धकोष्ठाला इतके जपायचे कारण पुढे दहाव्या दिवशी कळते.

खाण्याचे म्हणाल, तर फोडणीचा वास या दिवसांत सर्वांत त्रास देतो. रुग्ण घराच्या दुसऱ्या टोकाला असावा आणि जेवण कोमट किंवा गार वाढावे, कारण गरम अन्नाचा वास जास्त येतो. थोडे थोडे, दोन-अडीच तासांनी. एक गोष्ट सिस्टर आवर्जून सांगतात. केमोच्या दिवशी रुग्णाचा सर्वांत आवडता पदार्थ करू नये. ओकारीशी एकदा त्याची सांगड बसली की तो पदार्थ महिनोन् महिने नकोसा होतो. दिवसभर घोटभर पाणीही टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करायचा.

पाचव्या-सहाव्या दिवशी मळमळ ओसरते आणि तोंड हुळहुळू लागते. तोंडाच्या आतले अस्तर भराभर नवे होत असते. केमोथेरपी भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना मारते, त्यामुळे जुने अस्तर झडते पण नवे वेळेवर येत नाही. आधी लाली आणि आग, मग फोड. सिस्टर टॉर्चने ओठांच्या आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा बघतात आणि विचारतात, “भाकरी जाते का, की फक्त पातळच?” या प्रश्नात जागतिक आरोग्य संघटनेची पूर्ण प्रतवारी आहे. नुसती आग ही पहिली पायरी, फोड आहेत पण घट्ट अन्न जाते ती दुसरी, फक्त पातळ जाते ती तिसरी आणि तोंडाने काहीच जात नाही ती चौथी. तिसऱ्या पायरीपासून घरगुती उपायांवर थांबायचे नसते.

उपाय साधा आहे, पण चिकाटीचा. कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ टाकून दर जेवणानंतर, झोपताना आणि मधूनमधून खळखळून चुळा भरायच्या. जखम बरी करणे हा या चुळांचा हेतू नाही. तोंड स्वच्छ आणि ओले ठेवणे हा आहे. मऊ ब्रश चालू ठेवायचा. दुखते म्हणून दात घासणे सोडले की जंतू वाढतात. मिश्री, तंबाखू पूर्ण बंद. बाजारातला झणझणीत माउथवॉश नको, कारण त्यात बहुधा अल्कोहोल असते. कवळी जेवणापुरतीच. फार दुखत असेल तर बधिर करणारे लिग्नोकेनचे जेल जेवणाआधी मिळते, पण बधिर तोंडाने गाल चावला जातो, म्हणून सावकाश खायचे. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर दिसला तर ती बुरशी असू शकते. तिला चुळा पुरत नाहीत, औषध लागते.

काही औषधांच्या वेळी तोंडात बर्फ ठेवण्याचा उपाय खरोखर काम करतो. फाइव्ह-फ्लुरोयुरासिल शिरेतून एकदम दिले जाते तेव्हा पाच मिनिटे आधीपासून अर्धा तास बर्फ चघळला की तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोहोचते. ते रक्तातून लवकर निघून जाते, म्हणून अर्धा तास पुरतो. पण सोबत ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर बर्फ नको. त्या औषधाने गार वस्तूचा स्पर्शसुद्धा झोंबतो.

आता दहावा दिवस. त्या बाईंच्या तोंडात दोन फोड आहेत. तालुक्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो, पांढऱ्या पेशी 1400, त्यांत न्यूट्रोफिल 22 टक्के. चौदाशेचे बावीस टक्के म्हणजे 308. न्यूट्रोफिल ही जंतूंवर सर्वांत आधी तुटून पडणारी पेशी. निरोगी माणसात त्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड हजारांहून जास्त असतात. पाचशेच्या खाली गेल्या की धोका मोठा. तोंडातले फोड आता नुसते दुखणे राहत नाहीत. दार उघडे आणि पहारेकरी रजेवर, अशी अवस्था होते. बद्धकोष्ठाने गुदद्वाराजवळ पडलेली चीरही तसेच दार असते. म्हणूनच या दिवसांत एनिमा, गुदद्वारातून द्यायची औषधे आणि तिथे थर्मामीटर लावणे पूर्ण वर्ज्य.

इथे घरच्यांचा एक समज बदलावा लागतो. त्यांना वाटते, जंतू बाहेरून येतात, तेव्हा रुग्णाला खोलीत कोंडले की झाले. प्रत्यक्षात या काळातले बरेचसे संसर्ग रुग्णाच्याच आतड्यातल्या, तोंडातल्या आणि कातडीवरच्या जंतूंमुळे होतात. म्हणून रोजची अंघोळ, शौचानंतरची नीट स्वच्छता, तोंडाची निगा आणि रुग्णासह सर्वांचे साबणाने हात धुणे, ही खरी काळजी. भेटायला येणाऱ्यांत सर्दी-खोकला, ताप, कांजिण्या असलेला कोणी नको. शेणाने सारवणे, मळणीची धूळ, घराचे खोदकाम यांपासून दूर राहायचे, कारण त्यात बुरशीचे कण असतात. जेवण ताजे शिजवलेले, पाणी उकळलेले. कच्ची मोड आलेली कडधान्ये, गाडीवरचा रस, पाणीपुरी नको. पण फळे पूर्ण बंद करू नयेत. कडक पथ्याने संसर्ग कमी होतात असे अभ्यासांत दिसलेले नाही. स्वच्छ धुऊन साल काढलेले फळ बहुतेकांना चालते. आपल्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे.

रात्री दहा वाजता बाईंना कसेसेच वाटते. सून थर्मामीटर लावते. 100.6 फॅरनहाइट. तोंडात फोड असल्याने तो काखेत लावला आहे आणि काखेतला आकडा अर्धा ते एक अंश कमी येतो, म्हणजे खरा ताप आणखी जास्त आहे. घरात तापाची गोळी आहे, आणि सकाळी बघू असे सासरे म्हणतात. नेमके हेच करायचे नसते.

साध्या माणसात जंतू शिरले की जागा सुजते, लाल होते, पू होतो. पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिलच. ते नसतील तर पू नाही, सूज नाही, छातीच्या एक्स-रेमध्येही सुरुवातीला काही दिसत नाही. ताप ही अनेकदा एकमेव खूण उरते. तापाची गोळी ती खूण पुसून टाकते आणि जंतू रक्तात वाढत राहतात. 100.4 किंवा त्याहून जास्त ताप, अथवा ताप नसतानाही हुडहुडी, नवा खोकला, धाप, गळून गेल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच फोन करून हॉस्पिटल गाठायचे, रात्र असली तरी. वयस्कर रुग्णांत किंवा डेक्सामेथासोन चालू असताना ताप न येताही संसर्ग असू शकतो.

मोठे हॉस्पिटल तीन-चार तासांवर असते. म्हणून जाणत्या सिस्टर घरी पाठवताना एक चिठ्ठी देतात, जवळच्या डॉक्टरांसाठी. रुग्णाची केमोथेरपी चालू आहे, अमुक तारखेला औषध दिले, पेशी कमी असण्याची शक्यता आहे. शक्य असेल तर आधी रक्ताचे कल्चर घ्या, पण त्यासाठी वेळ घालवू नका. पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू करा. कमरेवर इंजेक्शन देऊ नका, कारण प्लेटलेटही कमी असू शकतात आणि स्नायूत रक्त साकळते. त्या रात्री सुनेने तीच चिठ्ठी तालुक्याच्या रुग्णालयात दाखवली. कल्चर घेतले, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम सुरू झाले, सकाळपर्यंत रक्तदाब स्थिर राहिला आणि मग त्यांना पुढे हलवले. पाच दिवसांत पेशी वर आल्या.

एकविसाव्या दिवशी पुढची केमो देण्याआधी या सगळ्याचा हिशेब होतो. ताप येऊन गेल्यामुळे आता केमोनंतर किमान चोवीस तासांनी पेगफिलग्रास्टिमचे इंजेक्शन दिले जाईल. त्याने अस्थिमज्जा लवकर पेशी बनवते आणि एक-दोन दिवस हाडे ठणकतात, हेही सांगावे लागते. ओकारीच्या गोळ्या बदलायच्या का, औषधाची मात्रा कमी करायची का, हे ठरते रुग्ण काय सांगतो त्यावर. “कशा आहात?” विचारले तर उत्तर येते, “बरी आहे.” म्हणून सिस्टर विचारतात, ओकारी कितव्या दिवशी थांबली, तोंड कधी आले, भाकरी पुन्हा कितव्या दिवशी खाल्ली. घरच्यांनी वहीत रोज या तीन गोष्टी आणि तापाचा आकडा लिहिलेला असेल तर पुढच्या फेरीची औषधे अंदाजाने ठरवावी लागत नाहीत.