व्हिडिओ बुधवारचा, प्रेक्षक मंगळवारचे

जयसिंगपूरच्या एका माध्यमिक शाळेतील विज्ञानशिक्षकांनी दहावीच्या मुलांसाठी भिंगांवरचा एक पाठ यूट्यूबवर टाकला आहे, असे समजूया. पाठ टाकला बुधवार, १५ जानेवारी २०२५ रोजी सकाळी ६ वाजता. चाचणी गुरुवारी सकाळी ११ वाजता. पाठ फक्त शाळेतील मुलांनाच सांगितलेला आहे, आणि चार दिवसांत तो एकूण १०० वेळा पाहिला गेला. आता शिक्षकांनी यूट्यूबच्या ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे आकडेवारीच्या पानावर, रोजचे आकडे पाहिले तर काय दिसेल? मंगळवारी १२, बुधवारी ८३ आणि गुरुवारी ५.

मंगळवारी संक्रांतीची सुट्टी होती आणि पाठ तर बुधवारी टाकला. मग मंगळवारी तो बारा वेळा पाहिला कोणी? शिवाय गुरुवारी, म्हणजे चाचणीच्या दिवशी, मुलांनी पाठाकडे जवळजवळ पाहिलेच नाही असे दिसते. शिक्षक यावरून सहज म्हणतील, की मुले आदल्या दिवशी अभ्यास उरकतात, रात्री वेळेवर झोपतात आणि सकाळी शांतपणे परीक्षेला येतात. उदाहरणातील आकडे आम्ही कल्पिलेले असले, तरी ते ज्या नियमाने बुधवारचे मंगळवारी जातात तो नियम खरा आहे. तो समजला नाही तर काढलेला निष्कर्ष उलटाही असू शकतो.

नियम असा आहे. यूट्यूबच्या आकडेवारीतला ‘दिवस’ जगातील सर्व व्हिडिओंसाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वेळेप्रमाणे, म्हणजे पॅसिफिक वेळेप्रमाणे मोजला जातो. कॅलिफोर्नियात मध्यरात्र झाली की तारीख बदलते. हिवाळ्यात ही वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या साडेतेरा तास मागे असते. म्हणून तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडचे दुपारचे दीड. यूट्यूबचा बुधवार जयसिंगपुरात बुधवारी दुपारी दीडला सुरू होतो आणि गुरुवारी दुपारी दीडला संपतो.

आता तेच १०० आकडे आपल्या घड्याळाप्रमाणे मांडून पाहू.

| भारतीय वेळ | पाहिल्याची संख्या | अहवालातील वार |
|---|---|---|
| बुधवार, सकाळी ६ ते दुपारी १.३० | १२ | मंगळवार |
| बुधवार, दुपारी १.३० ते रात्री १२ | ४५ | बुधवार |
| बुधवारची मध्यरात्र ते गुरुवार सकाळी ११ | ३८ | बुधवार |
| गुरुवार, दुपारी १.३० नंतर | ५ | गुरुवार |

आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे बुधवारचे ५७ आणि गुरुवारचे ४३ होतात. अहवालातल्या ८३ मध्ये मध्यरात्रीनंतर जागून आणि परीक्षेच्या सकाळी घाईघाईने पाहिलेले ३८ दडलेले आहेत. मुले रात्री जागतात की नाही, हाच शिक्षकांचा प्रश्न असेल, तर त्याचे उत्तर ज्या आकड्यात होते तो आकडाच आदल्या दिवसाच्या बेरजेत मिसळून गेला.

ही तारीख ठरते कशी, हे एका व्ह्यूवर करून पाहता येईल. संगणक एखादी घटना नोंदवताना सहसा वार आणि तारीख लिहीत नाही. १ जानेवारी १९७० रोजी समन्वित वैश्विक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले एवढेच तो लिहितो. एका मुलीने गुरुवार, १६ जानेवारी २०२५ रोजी रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी पाठ पाहिला. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे त्या क्षणी यूटीसीप्रमाणे बुधवारचे १९.१० झाले होते. त्या क्षणाची सेकंदसंख्या १७३६९६८२०० येते. ही संख्या जयसिंगपुरात आणि कॅलिफोर्नियात सारखीच आहे. तिच्यात तारीख नाही. तारीख आपण काढायची असते.

ती काढण्याची रीत पाचवी-सहावीच्या भागाकाराइतकी सोपी आहे. भारतीय तारीख हवी असेल तर साडेपाच तासांचे १९८०० सेकंद मिळवावेत आणि येणाऱ्या संख्येला एका दिवसाच्या ८६४०० सेकंदांनी भागावे. भागाकार २०१०४ आणि बाकी २४०० येते. म्हणजे १९७० पासून २०१०४ दिवस पूर्ण झाले आणि नव्या दिवसाचे २४०० सेकंद, अर्थात ४० मिनिटे उलटली. हा दिवस १६ जानेवारी, गुरुवार. पॅसिफिक तारीख हवी असेल तर मूळ संख्येतून आठ तासांचे २८८०० सेकंद वजा करून भागावे. भागाकार २०१०३ येतो आणि बाकी ४०२०० सेकंद, म्हणजे ११ तास १० मिनिटे. तिथे बुधवारचे सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. मुलीने पाठ पाहिला तो क्षण एकच. भागाकारापूर्वी किती सेकंद मिळवले किंवा वजा केले, यावर त्याची तारीख ठरली.

मग प्रत्येक प्रेक्षकाच्या गावच्या तारखेप्रमाणे का मोजू नये? दोन अडचणी येतात. हाच पाठ जयसिंगपूरची मुलगी आणि न्यू जर्सीत राहणारा तिचा मामेभाऊ यांनी अगदी एकाच क्षणी पाहिला, तर तिच्या नावापुढे गुरुवार आणि त्याच्या नावापुढे बुधवार लागेल. असा ‘बुधवार’ मग चोवीस तासांचा राहत नाही. किरिबाती देशाच्या पूर्वेकडील बेटांवर तो सर्वांत आधी उगवतो आणि अमेरिकन सामोआत सर्वांत शेवटी मावळतो. या दोन ठिकाणांच्या घड्याळांत २५ तासांचे अंतर आहे, त्यामुळे पृथ्वीवर कुठे ना कुठे बुधवार चालू असण्याचा काळ ४९ तास होतो. एका तारखेची बेरीज पुरी होण्याआधीच पुढच्या दोन तारखांच्या बेरजा सुरू झालेल्या असतील, आणि आलेखावरच्या शेजारशेजारच्या दोन खांबांचा काळ एकमेकांवर चढलेला असेल.

दुसरी अडचण साठवणीची आहे. रोजचा अहवाल म्हणजे प्रत्येक व्ह्यूची यादी नव्हे, तयार बेरीज असते. प्रत्येक व्ह्यू कोणत्या तरी एकाच तारखेच्या डब्यात, एकदाच टाकायचा असतो. दोन डब्यांत गेला तर एकूण संख्या फुगेल. डबे एकदा भरून बेरीज केली की पुन्हा निराळ्या जागी चिरता येत नाही. ८३ या संख्येकडे कितीही पाहिले तरी त्यातले ४५ अलीकडचे आणि ३८ पलीकडचे, हे ती सांगणार नाही. म्हणून डब्यांच्या कडा आधीच, सर्वांसाठी एकच ठरवाव्या लागतात. काही आकडेवारी-सेवांत मालकाला वेळेचा पट्टा निवडता येतो. गूगल ॲनालिटिक्समध्ये तशी सोय आहे. पण तिथेही पट्टा बदलला तर पुढचीच मोजणी बदलते, मागच्या तारखा जुन्याच कडांप्रमाणे राहतात.

हा प्रकार आपल्याला अगदी नवा नाही. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा ‘दिवस’ सकाळी साडेआठला संपतो, कारण पर्जन्यमापकातले पाणी त्या वेळी मोजतात. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी कोसळलेला ९४४ मिलिमीटर पाऊस सर्वांना ठाऊक आहे. ती संख्या २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांची आहे. मोजणीच्या तारखेप्रमाणे पाहिले तर ती २७ जुलैपुढे येते, आणि लोकांच्या आठवणीत मात्र २६ जुलैच आहे. पावसाला दिवस जिथे संपतो त्या सकाळची तारीख मिळते; यूट्यूबवर दिवस जिथे सुरू होतो त्या मध्यरात्रीची. पंचांगातला वार तर सूर्योदयाला बदलतो. दिवस कुठे कापायचा हे प्रत्येक व्यवस्थेने ठरवलेले असते; वाचणाऱ्याने ती जागा विचारून घ्यायची असते.

पॅसिफिक वेळेत आणखी एक खाच आहे. अमेरिकेत उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करतात. त्या काळात यूट्यूबची तारीख आपल्याकडे दीडऐवजी साडेबाराला बदलते. २०२५ मध्ये हा बदल ९ मार्चला झाला, म्हणजे ऐन बोर्डाच्या परीक्षांच्या हंगामात. त्या तारखेच्या डब्यात २३ तासच मावले. घड्याळे पुन्हा मागे आली २ नोव्हेंबरला आणि त्या दिवसाला २५ तास मिळाले. त्यामुळे त्या दोन तारखांची बाकीच्यांशी तुलना करताना एक तास कमी-जास्त आहे हे लक्षात ठेवावे.

विकिपीडियाच्या पानांची आकडेवारी यूटीसीप्रमाणे ठेवतात, त्यामुळे तिथे घड्याळ पुढे-मागे होण्याचा प्रश्न येत नाही. मराठी विकिपीडियावरील कोणत्याही लेखाचे आकडे सर्वांना खुले आहेत. त्यांची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते. मध्यरात्रीपासून तोपर्यंत वाचलेले सारे आदल्या तारखेत जाते. हे आकडे दर तासाला बेरीज करूनही प्रसिद्ध होतात, पण त्यातूनही भारतीय दिवस नेमका कापता येत नाही. आपली मध्यरात्र यूटीसीप्रमाणे १८.३० ला येते, म्हणजे बरोबर तासाच्या मधोमध. अर्ध्या तासाच्या या फरकामुळे दोन्ही टोकांचा एकेक तास आपल्या दोन तारखांत विभागलेला राहतो.

शाळेत हे पडताळून पाहणे सोपे आहे. एक छोटा व्हिडिओ सकाळी ९ वाजता टाकावा, तो वर्गातल्या मुलांनी दहापर्यंत पाहावा आणि नंतर कोणी उघडू नये. आकडे स्थिरावायला दोन-तीन दिवस द्यावेत. व्ह्यूज आदल्या तारखेपुढे दिसले तर कड दुपारी आहे. त्याच तारखेपुढे दिसले तर कड सकाळी ९ पूर्वी, म्हणजे मध्यरात्री किंवा पहाटे आहे. असाच दुसरा प्रयोग दुपारी २ वाजता केला तर पहिल्याचा निष्कर्ष पक्का होईल.

आणि जेव्हा प्रश्न ‘कोणत्या रात्री’ किंवा ‘किती वाजता’ असा असेल, तेव्हा रोजच्या बेरजेकडून उत्तराची अपेक्षा करू नये. आठवड्याची बेरीज घेतली तर कडेचा घोळ फक्त पहिल्या आणि शेवटच्या दिवसापुरता उरतो. तक्ता फळ्यावर मांडताना तारखेच्या रकान्यावर ‘पॅसिफिक वेळेप्रमाणे’ किंवा ‘यूटीसीप्रमाणे’ एवढे शब्द लिहावेत. आमच्या उदाहरणातील शिक्षकांनी तसे लिहिले असते, तर मंगळवारच्या बारांचे कोडे पडले नसते. मध्यरात्रीनंतर किती मुले जागी होती, हे मात्र त्यांना मुलांनाच विचारावे लागले असते.