तूप सुटेपर्यंत

बेसनाचा लाडू तोंडात घातला आणि तो टाळ्याला जाऊन बसला, जिभेने खरवडावा लागला, की बेसन भाजायला कमी पडलं हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. साखर नीट असते, तूप साजूक असतं, वेलची ताजी असते, पण मागे कच्च्या डाळीचा उग्र वास राहतो आणि पिठाचा लगदा दातांना चिकटतो. माझी आत्या असा लाडू हातात घेऊन फक्त वास घ्यायची आणि विचारायची, "गॅस मोठा केला होतास ना?" तिचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर असायचा.

कच्चेपणाची सुरुवात पुष्कळदा कढईच्याही आधी, पीठ निवडताना होते. भज्यांसाठी मिळणारं बेसन अगदी बारीक असतं. त्याचे कण इतके सूक्ष्म असतात की तोंडातल्या लाळेने भिजताच त्यांचा चिकट लेप होतो. लाडवाला हात लावल्यावर रवाळ लागणारं बेसन हवं. गिरणीत हरभऱ्याची डाळ देताना "लाडवाचं, जाडसर" एवढं सांगितलं की गिरणीवाला समजून जातो. दुकानातही लाडू बेसन म्हणून जाडसर पीठ मिळतं. घरात बारीकच असेल तर अडून बसू नये. चार-पाच वाट्या बारीक बेसनात पाऊण-एक वाटी बारीक रवा वेगळा तुपावर भाजून मिसळला तर चिकटपणा बराच कमी होतो. मात्र तो लाडू थोडा वेगळा लागतो, हे मान्य करायला हवं.

आता अर्धा किलो जाडसर बेसन घेऊ. त्याला 250 ग्रॅम साजूक तूप, 350 ग्रॅम पिठीसाखर आणि दोन मोठे चमचे दूध लागतं. जाड बुडाची, पसरट कढई मंद आचेवर ठेवून त्यात 200 ग्रॅम तूप घालायचं आणि पातळ झालं की सगळं बेसन. उरलेलं तूप हाताशी ठेवायचं.

पहिली दहा मिनिटं निराश करणारी असतात. बेसन तूप पिऊन टाकतं, गोळे होतात, कालथा जड जातो, आणि तूप कमी पडलं असं वाटून हात डब्याकडे जातो. तो आवरावा. पीठ कोरडं दिसलं तरी त्यात थोडा ओलावा असतो, म्हणून कण एकमेकांना धरून बसतात. शिवाय तूप अजून पुरतं तापलेलं नसतं. या वेळी कालथ्याच्या पाठीने गुठळ्या दाबून मोडत राहायचं, एवढंच काम. इथेच तूप वाढवलं तर शेवटी मिश्रण पळीने वाढण्याइतकं सैल होतं आणि वळलेले लाडू ताटात बसके होतात.

पंधरा-वीस मिनिटांनी ओलावा निघून जाऊ लागतो. गोळे आपोआप सुटतात, कालथा हलका होतो. कच्च्या डाळीचा वास आधी वाढल्यासारखा वाटतो आणि मग हळूहळू मागे सरतो. घाई करणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते. रंग थोडा बदललेला असतो, घरात वास सुटलेला असतो, म्हणून झालं असं समजून गॅस बंद केला जातो. पण हा वास अजून गरम पिठाचा असतो, खमंगपणाचा नसतो. ओलावा उडेपर्यंत पिठाचं तापमान फारसं वर चढत नाही. तो गेल्यावरच कण आतून भाजायला लागतात. डाळीतली प्रथिनं आणि थोडी साखर यांची तापलेल्या तुपात क्रिया होऊन जो भाजका, शेंगदाण्यासारखा सुवास येतो, तो या पुढच्या पंधरा मिनिटांचा असतो.

मोठ्या आचेवर हा वेळ वाचवता येत नाही. बुडाशी असलेलं पीठ तांबूस होतं, वरचं पिवळंच राहतं, आणि दोन्ही ढवळून एकत्र केलं की रंग मधला, छान दिसतो. डोळा फसतो, जीभ फसत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी असंच बेसन अठरा मिनिटांत उतरवलं होतं. रंग पाहून सगळे खूश झाले. चव घेतली तेव्हा त्याच घासात करपल्याचा कडवटपणाही होता आणि कच्चेपणाही.

खरी खूण तुपाची. पस्तीसेक मिनिटांनी बेसन फुलल्यासारखं, फेसाळ होतं, कालथ्यावरून सरसर घरंगळतं, आणि आधी नाहीसं झालेलं तूप कढईच्या कडेला चमकू लागतं. यालाच तूप सुटणं म्हणतात. तीस मिनिटं उलटूनही मिश्रण भुरभुरीत, कोरडंच असेल, तर राखलेलं तूप आता चमच्या-चमच्याने सोडायचं. रंग साधारण बदामी हवा, पण पिवळ्या दिव्याखाली किंवा काळ्या कढईत तो नीट कळत नाही, म्हणून चिमूटभर बेसन पांढऱ्या बशीत काढून पाहावं आणि निवल्यावर जिभेवर ठेवावं. ते विरघळून रवाळपणा मागे उरला तर झालं. लेप बसला तर अजून पाच मिनिटं.

यानंतर दुधाचा हबका. गॅस अगदी बारीक करून दोन चमचे दूध शिंपडलं की बेसन चर्रकन फसफसून वर येतं, म्हणून हात लांब ठेवावा. त्या ओलाव्याने काही कण फुगून एकमेकांना चिकटतात आणि छान दाणा पडतो. मात्र फेस खाली बसेपर्यंत, म्हणजे दोन-तीन मिनिटं, परतत राहायलाच हवं. पाणी आत राहिलं तर लाडू लवकर खराब होतात. हबका कच्चं पीठ भाजून देत नाही, हेही लक्षात असावं.

गॅस बंद केला तरी जाड कढई बराच वेळ धग धरून असते आणि बेसन भाजतच राहतं. रंग हवा तसा आला, की लगेच परातीत काढायचं. मग थांबायचं. बोट सहज ठेवता येईल इतकं कोमट व्हायला तास-दीड तास लागतो. गरम बेसनात पिठीसाखर घातली तर मिश्रण पातळ होतं आणि वळताच येत नाही. तसं झालंच तर नुसतं झाकून दोन-तीन तास ठेवावं, तूप थिजलं की बहुधा वळता येतं. कच्चं राहिलेलं बेसन मात्र साखर घालण्यापूर्वीच पुन्हा कढईत टाकता येतं. साखर मिसळल्यावर भाजायला गेलं तर ती वितळून खाली लागते. म्हणून चव घेण्याची शेवटची वेळ परातीतली.

साखर चाळून, वेलची घालून तळहाताने पाचेक मिनिटं मळलं की मिश्रण मऊ, चमकदार होतं. यात लिंबाएवढे पंचवीस-सव्वीस लाडू होतात. ते लगेच डब्यात भरू नयेत. रात्रभर ताटात राहिले की तूप घट्ट होतं, आकार धरतो, आणि सकाळी डबा भरताना पहिला लाडू फोडून पाहावा: तो दोन बोटांत हलकेच भुरभुरून फुटतो.