भरलेली बॅच, रिकामी मॅट

पुण्यातल्या कोथरूडसारख्या भागात पहिल्या मजल्यावर पंधरा मॅट मावतील एवढा हॉल घेऊन कुणी योगवर्ग सुरू केला, असं समजू. भाडं महिना ३०,००० रुपये, वीज-साफसफाई ५,०००. सोमवार ते शुक्रवार चार बॅच: सकाळी सहा, सात आणि दहा, संध्याकाळी सात. शिकवणाऱ्यांना एका तासाचे ४०० रुपये, म्हणजे २२ दिवसांचे बॅचमागे ८,८००. सगळं मिळून खर्च ७०,२००. महिन्याची फी १,८०० आणि तिमाहीची ४,५००. बहुतेक जण तिमाहीच घेतात, म्हणजे माणशी महिन्याला १,५०० येतात. ४७ माणसं झाली की खर्च जेमतेम भागतो, मालकाच्या हाती काहीच उरत नाही.

सहा आणि सातची बॅच चटकन भरते. दहाला गृहिणी आणि निवृत्त मंडळी येतात. अडतं ते संध्याकाळी. ऑफिस सुटतं, रस्त्यावर गर्दी असते, त्यात एखाद्या दिवशी दांडी ठरलेलीच. त्या बॅचला सात जण असतील तर १०,५०० जमतात आणि मानधन देऊन १,७०० उरतात. दोघं सोडून गेले की ती बॅच मानधनापुरतंही कमवत नाही.

मग फीतला ठरावीक वाटा मानधन म्हणून द्यावा, असं वाटतं. पण चाळीस टक्क्यांनी सात जणांचे ४,२०० होतात. तेवढ्यावर चांगला शिक्षक टिकत नाही, आणि तो गेला की त्याच्यामागे विद्यार्थीही जातात. त्यापेक्षा तासाला २५० पक्के आणि पाच जणांच्या वर हजर असलेल्या प्रत्येकामागे २० रुपये दिले, तर सात जणांना २९० आणि भरल्या बॅचला ४५० होतात. कोण येत नाही, याकडे मग शिक्षकाचंही लक्ष राहतं.

ते लक्ष सुरुवातीलाच हवं. जानेवारीत तिमाही भरलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात यायचा थांबतो, पण पैसे आधीच आल्यामुळे ते जाणवत नाही. एप्रिलला नूतनीकरण होत नाही तेव्हा कळतं. गळती हजेरीवहीत दिसते, फीच्या पावतीपुस्तकात नाही. पहिल्या आठवड्यात अंग दुखतं, शेजारचा सहज वाकतो, आपले हात गुडघ्यांपाशीच अडतात. लाज वाटून माणूस घरी बसतो. म्हणून नवीन प्रवेश महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेलाच द्यावेत. सगळे नवखे एकत्र येतात, पहिले दोन आठवडे त्यांना सोपी आसनं देता येतात. सलग तीन गैरहजेऱ्या दिसल्या की शिक्षकानेच फोन करावा. वेळ जमत नसेल तर दुसरी बॅच सुचवावी.

आणि ४,५०० हाती आले तरी त्यातले १,५०० च या महिन्याचे. उरलेले ३,००० वेगळ्या खात्यात ठेवावेत, कारण त्या पैशांचे वर्ग अजून घ्यायचे आहेत. जानेवारीच्या गल्ल्यावर भुलून पाचवी बॅच काढणाऱ्याला मार्चचं भाडं जड जातं.