दोन लूप, एक छेद

सीएनसी यंत्राचे हत्यार ठरलेल्या जागी नेऊन थांबवायचे असेल, तर त्याची मोटर दोन गोष्टींवर नजर ठेवते: आपण कुठे आहोत आणि किती वेगाने चाललो आहोत. जागेची माहिती बाहेरच्या लूपमधून परत येते, वेगाची आतल्या लूपमधून. वेग मोजणाऱ्या छोट्या जनित्राला टॅको म्हणतात. या दोन लूपांचा एकत्रित परिणाम काढायच्या दोन रीती आहेत.

आधी आकृती मांडू. हवी असलेली जागा आणि खरी जागा यांतला फरक अॅम्प्लिफायरमध्ये जातो. त्याची वाढ A. त्यातून टॅकोचा संकेत वजा होऊन उरलेले मोटरला मिळते. मोटर M त्याचा वेग बनवते. वेग साठत गेला की जागा होते, हे काम N चे. टॅको T, आणि तो M च्या पुढून वेग उचलतो.

पहिली रीत आकृती आवळण्याची, आणि ती आतून बाहेर करायची. आतला लूप म्हणजे M आणि त्यावरचा T. फीडबॅक वजा असल्यामुळे त्या दोघांच्या जागी M/(1+MT) हा एकच ठोकळा बसतो. त्याला A आणि N ने गुणले की सरळ साखळी तयार होते. तिच्यावर बाहेरच्या लूपसाठी हाच नियम पुन्हा लावला की AMN/(1+MT+AMN) मिळते.

दुसरी रीत एमआयटीच्या सॅम्युएल मेसन यांनी मांडली. आकृती आवळायची नाही, नुसती वाचायची. आत येण्यापासून बाहेर पडण्यापर्यंतची वाट एकच: AMN. लूप दोन: -MT आणि -AMN. छेदात 1 मधून लूपांची बेरीज वजा करायची, म्हणजे 1+MT+AMN. वाट दोन्ही लूपांना स्पर्श करते, त्यामुळे अंशात आणखी काही येत नाही. उत्तर तेच.

सूत्रातली खरी खोच स्पर्शात आहे. दोन लूपांत एकही सामाईक बिंदू नसेल, तर त्यांचा गुणाकारही छेदात मिळवावा लागतो. एकामागून एक असे दोन स्वतंत्र टप्पे घ्या, प्रत्येकाला स्वतःचा लूप. त्यांचे छेद (1+a) आणि (1+b) असतील, तर एकत्र छेद 1+a+b+ab होतो. तो ab म्हणजेच हा गुणाकार. आपल्या यंत्रात मात्र दोन्ही लूप M मधून जातात, म्हणून तो येत नाही.

आता आकडे घालू. A=16, M=1/(s+1), N=1/s. इथे s ही बदलाच्या दराची खूण आहे, आणि सगळे स्थिरावले की s=0 धरायचे. टॅको काढून टाकला तर छेद s²+s+16 होतो. असे यंत्र ठरलेली जागा सुमारे 67 टक्क्यांनी ओलांडून पुढे जाते आणि बराच वेळ हेलकावत राहते. T=3 ठेवला की छेद s²+4s+16 होतो आणि हत्यार जेमतेम 16 टक्के पुढे जाते. बदलला तो फक्त मधला आकडा, आणि हेलकावे शमवण्याचे काम त्याचेच.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. आकृती आवळताना टॅकोची तार N च्या पलीकडे सरकवली, तर T च्या जागी Ts लिहावे लागते. ते विसरले की छेद s²+s+19 असा येतो. सूत्र वापरताना विद्यार्थी हमखास नको असलेला गुणाकार मिळवतात. दोन्ही चुका पकडायला मी एकच कसोटी लावतो: s=0 ठेवून बघायचे. यंत्र थांबले की वेग शून्य, टॅको गप्प, म्हणून उत्तर नेमके 1 यायला हवे. बरोबर सूत्रात 16/16 येते. सरकवलेल्या तारेच्या चुकीत 16/19, जादा गुणाकारात 16/64. शिवाय जादा गुणाकाराने छेदात s चा घन येतो, आणि या यंत्रात साठवणाऱ्या गोष्टी दोनच आहेत, वेग आणि जागा.

मला पहिली रीत शिकायला आवडते, कारण प्रत्येक पायरीला यंत्राचा एक भाग समोर असतो. पण प्रश्न बदलला की मेसन यांची रीत पुढे जाते. समजा, कापताना हत्याराला लागणारा विरोध मोटरच्या प्रवेशापाशी मोजून आत घातला. लूप तेच, म्हणून छेद तोच. फक्त वाट आता MN. उत्तर 1/(s²+4s+16). स्थिर विरोध असेल, तर त्याच्या सोळाव्या भागाएवढी जागा चुकत राहते. टॅकोने हेलकावे शमतात, पण ही चूक तसूभरही कमी होत नाही. त्यासाठी A वाढवावा लागतो. A वाढला की 16 ची जागा मोठा आकडा घेतो, हेलकावे परततात, आणि T सुद्धा वाढवावा लागतो.

हे सारे अॅम्प्लिफायर त्याच्या मर्यादेत चालतो तोवर खरे. फार दूरची जागा एकदम मागितली, तर त्याचा व्होल्टेज कमाल पातळीला अडकतो आणि A ही ठरावीक संख्या उरत नाही. तेवढा वेळ दोन्ही रीतींचे उत्तर यंत्राला लागू पडत नाही.